आमटीत पाल पडली तर?



गेल्या गळीत हंगामात आम्ही तोडणीच्या पाहणीसाठी एका सभासदाच्या फडावर गेलो होतो. पहाटे चार वाजता कोपीवर शिजवलेली आमटी टोळीने साडेदहाला जेवायला काढली. चौघांचं जेवण उरकलं आणि पातेल्याच्या तळाशी मेलेली पाल निघाली. एका बाईला तिथंच उलटी झाली. लगेच गलका झाला, "पालीचं विष चढलं, मिठाचं पाणी पाजून ओकायला लावा!" आम्ही ते थांबवलं.

आपल्या घरातली पाल विषारी नसते. धोका असतो तो तिच्या आतड्यातल्या आणि अंगावरच्या साल्मोनेला नावाच्या जंतूंचा. हे जंतू पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला साधारण सहा तास ते तीन दिवस लागतात. म्हणजे पाल दिसताच झालेली उलटी किळस आणि भीतीची असते. मिठाचं पाणी पाजून मात्र माणूस खरोखर दगावू शकतो.

मुकादमाने विचारलं, "साहेब, उरलेली आमटी परत उकळली तर?" उकळीने साल्मोनेला मरतो हे खरं. पण पाल उकळत्या आमटीत पडली की नंतर कोमट आमटीत, हे कोणी पाहिलं होतं? कोमट अन्नात सहा तासांत जंतू बेसुमार वाढतात. त्यातल्या काही जातींनी सोडलेलं विष कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणून ती आमटी खड्ड्यात पुरली आणि पातेलं घासून उकळत्या पाण्याने धुतलं.

जेवलेल्या चौघांवर तीन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकाला ताप आणि जुलाब झाले, बाकीचे ठणठणीत राहिले. जुलाब होताच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजावं. शौचात रक्त, जोराचा ताप किंवा लघवी कमी झाली, तर दवाखाना गाठावा. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर जुलाब सुरू होताच न्यावं.

झुरळाचंही तसंच. ते मोरी-गटारातून येतं आणि पायांना लागलेली घाण अन्नावर ठेवतं. भात, दूध, कालवण अशा ओल्या अन्नात ती घाण वाढत जाते, म्हणून ते टाकावं. झुरळ फिरलेली भाकरीही टाकावी. कोरड्या ज्वारी-तांदळावरून झुरळ गेलं असेल, तर धान्य निवडून, धुऊन, नीट शिजवून खायला हरकत नाही.

फडावर जेवण नेताना पातेल्याला घट्ट झाकण लावा आणि वर फडकं बांधा. पाल पडते ती उघड्या फटीतूनच.