मान टाकणारा पंखा आणि आवळत राहण्याची चूक

स्टँडफॅनची मान पुढे झुकू लागली किंवा दांडी आपोआप खाली सरकू लागली, की पहिला हात नॉबकडे जातो. हातानं भागलं नाही की पक्कड येते. अनुभवाअंती माझं ठाम मत झालं आहे, की पंख्याचा हा भाग कायमचा निकामी होतो तो झिजेपेक्षा या आवळण्यानं. स्क्रू पोलादी असतो. तो ज्या कॉलरमध्ये फिरतो ती बहुतेक पंख्यांत प्लास्टिकची किंवा मऊ ओतीव धातूची असते. जोर वाढला की हार मऊ बाजूची होते. आधी आटे जातात, मग कॉलरला तडा जातो. काही रुपयांचा स्क्रू आणि वॉशर बदलून जे काम झालं असतं, त्यासाठी मग आख्खी कॉलर शोधत फिरावं लागतं.

म्हणून आवळण्याआधी दोष कुठे आहे ते ओळखावं, आणि ते अवघड नाही. नॉब फिरवत राहिलं तरी तो घट्टच होत नसेल, तर आटे गेलेत किंवा प्लास्टिकच्या खाचेत बसवलेला नट खाचेतच गरगर फिरतोय. खाचेच्या कडा गोल झालेल्या डोळ्यांनी दिसतात. नॉब नीट घट्ट होतो, पंखा बंद असताना मानही स्थिर राहते, पण चालू केल्यावर हळूहळू झुकते, तर कंपनानं नट सैल होतोय आणि स्प्रिंग वॉशर मेला आहे. हा वॉशर म्हणजे एका जागी कापलेली पोलादी कडी. चांगल्या कडीची दोन टोकं एकमेकांपासून वरखाली असतात. टेबलावर ठेवल्यावर ती सपाट बसली तर तिच्यात ताण उरलेला नाही. असा वॉशर कितीही आवळा, थोड्या वेळानं नट पुन्हा ढिला होणारच.

मानेचं काम करताना प्लग सॉकेटमधून काढावा आणि पंखा आडवा करावा, किंवा दुसऱ्या कुणाला मोटरचा भार धरायला सांगावं. बोल्ट सुटताच मान एकदम पडते आणि बोटं चिमटतात. जुना बोल्ट, नट आणि वॉशर कोणत्या क्रमानं निघाले ते पाहून ठेवावं. साधारण क्रम असा: बोल्टच्या डोक्याखाली साधी चकती, मग बिजागरीचे कान, पलीकडे पुन्हा साधी चकती, त्यावर स्प्रिंग वॉशर आणि शेवटी नट. साधी चकती गाळली तर स्प्रिंग वॉशरची धार मऊ कानात रुतते. कानांच्या आतल्या बाजूला तेल किंवा ग्रीस असेल तर कोरड्या कापडानं पुसावं. इथे घर्षणच हवं असतं. हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट घेऊनच जावं. ६ मिमीचा आणि पाव इंची बोल्ट नजरेला सारखेच दिसतात, पण आटे वेगळे. चुकीचा नट एक-दोन फेरे जाऊन अडकतो, आणि तिथे जोर लावला की आटे गेलेच. बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरतो तोच नट बरोबर. लांबीही जुन्याइतकीच घ्यावी. जास्तीचं टोक जवळून जाणारी वायर घासू शकतं.

उंचीच्या दांडीचं तत्त्व तेच, फरक इतकाच की इथे स्क्रूचं टोक थेट दांडीवर दाबतं. काही पंख्यांत टोकाखाली छोटा नायलॉनचा तुकडा असतो. स्क्रू काढताना तो गळून पडतो आणि लक्षातही येत नाही. स्क्रू काढण्यापूर्वी दांडी पूर्ण खाली बसवावी, म्हणजे डोकं कोसळणार नाही. दांडीवर त्याच जागी खळगा पडला असेल, तर ती थोडी फिरवून नव्या पृष्ठभागावर स्क्रू टेकवावा.

यावर कुणी म्हणेल, सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा तार गुंडाळली की भागतं. तात्पुरतं भागतं हे खरं. पण रबर दबून सरकतं आणि तार बांधली की उंची बदलण्याची सोयच जाते. मेकॅनिककडे न्यावा, असंही कुणी म्हणेल. जरूर न्यावा, पण त्याला ‘घट्ट करून द्या’ असं सांगू नये. ‘स्प्रिंग वॉशर आणि नट बदला’ असं सांगावं, आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. मात्र कॉलरला किंवा मोटरच्या मानेला तडा दिसला, तर ही दुरुस्ती तिथे चालत नाही. गोंद, एम-सील यावर विसंबू नये. मोटरसकट फिरणारी पाती त्या तड्यावर तोललेली असतात, तेव्हा तो भाग नवा मिळेपर्यंत पंखा वापरू नका, आणि घरात लहान मूल असेल तर तो उभाही ठेवू नका.