फॉल-पिको : मशीन आधी की गिऱ्हाईक आधी?

मुलं मोठी झाली, पुन्हा कमवायचं आहे, पण ठरावीक वेळ देता येत नाही, अशांना साडीला फॉल लावण्याचं काम सोयीचं पडतं. साडी आज आली तरी दोन-तीन दिवसांनी द्यायची असते. शिलाई दुपारी करा नाहीतर रात्री. प्रश्न आधी किती पैसे घालायचे, हा आहे. खालचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. आपल्या भागातले दर घालून हिशेब पुन्हा मांडा.

सुरुवात : सुमारे ३,००० रुपये

घरात साधं शिलाई मशीन चालू स्थितीत असेल, तर नेहमीच्या रंगांचे फॉल, जुळणारे दोरे, बारीक सुया आणि पावतीपुस्तक एवढ्यावर काम सुरू होतं. पिको बाहेरून करून घ्यावा.

गिऱ्हाइकाकडून १२० रुपये घेतले, तर फॉलचे ३०, दोरा-वीज-पिशवीचे १० आणि बाहेरच्या पिकोचे ३० वजा जाऊन ५० उरतात. महिन्याला ४० साड्या आल्या, तर २,००० रुपये. फॉलची खालची कड मशीनवर पटकन होते, वरची मात्र हातशिलाईची. त्यामुळे एका साडीला साधारण तास धरा.

पिको मशीन कधी?

मोटरसह मशीन १२,००० रुपयांना पडलं असं धरू. घरी पिको केल्यास साडीमागे ३० रुपये वाचतात, म्हणजे ४०० साड्यांनंतर मशीन फिटतं. महिन्याला ४० साड्या असतील तर दहा महिने, १५ असतील तर दोन वर्षांहून जास्त. लग्नसराईतली आणि दिवाळीपूर्वीची गर्दी पाहून मशीन घेऊ नका. पितृपक्षातही साड्या येतात का, ते पाहा. कर्ज हवंच असेल, तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. उद्यम नोंदणी मोफत असते. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

नुकसान कुठे होतं?

सुती फॉल न भिजवता लावला, तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीच्या काठाला चुण्या पडतात. म्हणून फॉल आधी भिजवून, वाळवून इस्त्री करा. सुई बोथट झाली की कापडात शिरताना टकटक आवाज येतो. लगेच बदला, नाहीतर रेशमाचा धागा ओढला जातो.

साडी घेतानाच उजेडात उलगडून डाग, उसवण पाहा आणि पावतीवर लिहा. ब्लाउजपीस कापायचा का, तेही तिथेच विचारा. एका भारी पैठणीची भरपाई द्यावी लागली, तर कित्येक महिन्यांची कमाई जाते.