अंधारलेला पडदा आणि विजेरीची कसोटी

लॅपटॉप सुरू केल्यावर पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो, अशा वेळी यंत्र निकामी झाले असा समज करून घेतला जातो. खोली अंधारी करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरका टाकल्यास पुष्कळदा पुसटशी अक्षरे दिसतात. तशी ती दिसल्यास चित्र तयार होत आहे, मात्र त्यामागील प्रकाश नाहीसा झाला आहे, असा निष्कर्ष निघतो. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागील दिव्याचा प्रकाश तो केवळ कमीअधिक प्रमाणात अडवितो.

सन २०१० च्या आसपासपर्यंतच्या अनेक लॅपटॉपमध्ये हा दिवा म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक अशी फ्लुरोसंट नळी असे. तिला शेकडो व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो आणि पेटण्याच्या क्षणी त्याहूनही अधिक दाब द्यावा लागतो. हा दाब पडद्याखालील इन्व्हर्टर नावाची अरुंद पट्टी निर्माण करते. भारनियमनात घरोघरी वापरला जाणारा इन्व्हर्टर आणि ही पट्टी यांचे तत्त्व एकच, आकार मात्र बोटभर.

एखाद्या वाचनालयातील असा जुना लॅपटॉप तपासावयाचा आहे, असे समजू. सभासदांची नोंद त्यातच असल्याने प्रथम बाहेरचा मॉनिटर जोडावा. तेथे चित्र स्वच्छ उमटल्यास नोंद सुरक्षित आहे. तिची प्रत तत्काळ काढून घ्यावी. नंतर प्रकाश वाढविण्याची कळ दाबून पाहावी आणि झाकण मिटल्याची सूचना देणारा स्विच अडकला नाही ना, याची खात्री करावी. हा स्विच अडकल्यानेही दिवा बंद राहतो.

यानंतरचे काम जाणकार कारागिराचे आहे. इन्व्हर्टरकडे येणारा वीजपुरवठा आणि दिवा लावण्याचा संकेत तो मीटरने मोजतो. दोन्ही पोहोचत नसतील, तर दोष मदरबोर्डमध्ये किंवा जोडतारेत असतो. पोहोचत असतील, तर चांगली नळी जोडून पाहिली जाते. ती पेटल्यास जुनी नळी खराब. न पेटल्यास इन्व्हर्टर बदलावा लागतो. बंद पडण्यापूर्वी पडदा सुरुवातीला तांबूस दिसत असल्यास संशय नळीवर घ्यावा. इन्व्हर्टरचा उच्च दाब साध्या मीटरने मोजू नये. मीटर बिघडतो आणि झटकाही बसतो. सुटे भाग काढण्यापूर्वी ॲडॉप्टर व बॅटरी दूर करावी. नळीत अल्प पारा असल्याने ती फुटू देऊ नये.

नंतरच्या लॅपटॉपमध्ये एलईडी दिवे आल्याने असा इन्व्हर्टर राहिला नाही. तेथेही विजेरीची कसोटी लागू पडते. परंतु दोष एलईडीची पट्टी, तिला वीज देणारे मंडल, फ्यूज किंवा जोडतार यांपैकी एकात असतो. विजेरीखालीही काहीच दिसले नाही, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.