हू, विच आणि आपले जो-तो

मुलांनो, हे वाक्य बघा: ‘द रिव्हर विच फ्लोज पास्ट सेमाडोह इज द सिपना.’ इथे विच म्हणजे ‘कोणती’ नव्हे. मराठीत विचचा भाग आधी घ्या: जी नदी सेमाडोहजवळून वाहते, ती सिपना. नदी स्त्रीलिंगी, म्हणून जी-ती.

खरी गंमत पुढे आहे. ‘द गार्ड हू सॉ द टायगर वेन्ट होम.’ ज्या गार्डने वाघ पाहिला, तो घरी गेला. ‘पाहिला’ला ‘ने’ लागतो, ‘गेला’ला नाही, म्हणून एकीकडे ज्या, दुसरीकडे तो. ‘जो गार्डने’ लिहिलं की चुकलंच!

स्वल्पविराम दिसला तर मात्र थांबा. ‘द सिपना, विच फ्लोज पास्ट सेमाडोह, जॉइन्स द तापी.’ नदी ठरलेलीच आहे, मग जी-ती कशाला? सिपना सेमाडोहजवळून वाहते आणि तापीला मिळते.