डिमरवरचा हात

माझे एक स्नेही अकोल्याला वैद्यकीय विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवतात. अमरावतीला आले असता त्यांनी सांगितलेली ही हकिकत.

त्यांचा एक विद्यार्थी चाचणीत पुन्हा पुन्हा एकच चूक करी. ॲगोनिस्ट परिणाम घडवतो आणि अँटॅगोनिस्ट त्याच्या उलट परिणाम घडवतो, असे तो लिही. मुलगा शेतकऱ्याचा. आदल्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना त्याच्या काकांना विषबाधा झाली होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येकांचे प्राण गेले, हे वाचकांना आठवत असेल.

"सर, काकांना ॲट्रोपिनच्या ढीगभर कुप्या टोचल्या जी. एवढ्या कशाला?" त्याने विचारले.

सरांनी त्याला खोलीतील दिव्याच्या डिमरजवळ नेले. "बापू, फिरव बटण." दिवा उजळला. "तुझा हात म्हणजे ॲसिटिलकोलीन, हा ॲगोनिस्ट. बटण म्हणजे पेशीवरचा ग्राही. आता दिवा विझव." मग सरांनी बटण स्वतःच्या मुठीत झाकले, पण फिरवले नाही. "दिव्यात फरक पडला?"

"नाही."

"आता तू उजळव बरे."

मुलाला बटण सापडेना. "म्हणजे अँटॅगोनिस्ट उलटे फिरवत नाही, नुसती जागा अडवतो!"

"बरोबर. ॲट्रोपिन हेच करते. शरीरात एक विकर ॲसिटिलकोलीनचे हात सतत दूर करीत असते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे कीटकनाशक त्या विकरालाच निकामी करते. मग हातांची गर्दी होते. लाळ, घाम सुटतो, छाती स्रावाने भरते, नाडी मंद होऊ शकते. मुठी आणि हात यांची बटणासाठी चढाओढ असते. हात जितके जास्त, तितक्या मुठी जास्त लागतात. म्हणून डॉक्टर सुमारे २ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि ५ मिनिटांत सुधारणा न दिसल्यास मात्रा दुप्पट करतात."

मुलाने हिशेब केला : २, ४ आणि ८ मिळून १४ मिलिग्रॅम. एका कुपीत ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २३ कुप्या! ढिगाचे कोडे सुटले.

"पण थांबायचे केव्हा?"

"छातीतली घरघर थांबली, नाडी ८० च्या वर गेली, रक्तदाब सावरला की वाढवणे थांबवायचे. रोगी बरळू लागला, ताप चढला, लघवी अडली, तर मुठी फार झाल्या असे समजावे."

मुलगा म्हणाला, "तरीही काकांना श्वासासाठी यंत्र लावले होते."

"कारण स्नायूंवरचे ग्राही निराळे. ती बटणे या मुठीत मावत नाहीत. स्नायू लुळे पडले तर ॲट्रोपिन त्यांना सावरत नाही. आणि हेही ध्यानात ठेव, पेशीवर एक बटण नसते, हजारो असतात. दिव्याचा उजेड म्हणजे त्या सर्वांची बेरीज."

पुढच्या चाचणीत प्रश्न होता : ॲगोनिस्ट मुळीच नसताना असा अँटॅगोनिस्ट दिल्यास काय होईल? मुलाने लिहिले, "काहीही नाही. विझलेल्या दिव्याचे बटण झाकल्यासारखे."