हॅविंग फिनिश्ड : जेवलं कोण, आपण की बस?

सहलीचा अहवाल इंग्रजीत लिहायला दिला की एक वाक्य हमखास सापडतं : ‘हॅविंग ईटन लंच, द बस लेफ्ट फॉर शिवनेरी.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की जेवण झाल्यावर बस शिवनेरीकडे निघाली. पण इंग्रजी वाचणाऱ्याला दिसतं ते असं : जेवण करून बस निघाली. म्हणजे बस जेवली आणि मुलं उपाशी! ही बस कशी काय जेवली, ते आज पाहू.

आधी अशी रचना तयार कशी होते ते बघा. आपल्याकडे दोन वाक्यं आहेत : ‘वुई फिनिश्ड अवर लंच. वुई गॉट इंटू द बस.’ दोन्हींचा कर्ता एकच आहे, ‘वुई’. पहिल्या वाक्यातला ‘वुई’ काढून टाका, क्रियापदाच्या जागी ‘हॅविंग’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप लिहा, मग स्वल्पविराम द्या. दुसऱ्या वाक्याला हात लावायचा नाही. झालं : ‘हॅविंग फिनिश्ड अवर लंच, वुई गॉट इंटू द बस.’ जेवण संपवून आम्ही बसमध्ये बसलो. कर्ता कोणीही असो, काळ कोणताही असो, ‘हॅविंग’ बदलत नाही. तिसरं रूप मात्र सांभाळा. ‘फिनिश’चं दुसरं आणि तिसरं रूप सारखंच असल्यामुळे तिथे चूक लपून जाते, ‘गो’ आलं की उघडी पडते. ‘हॅविंग वेंट’ नाही, ‘हॅविंग गॉन’.

आता बसकडे वळू. ‘हॅविंग ईटन लंच’ या तुकड्यात कर्ता नाही, तो आपणच काढून टाकलाय. मग वाचणारा काय करतो? स्वल्पविरामानंतर जो कर्ता भेटेल, त्यालाच जेवायला बसवतो. तिथे ‘द बस’ उभी आहे. म्हणून वाक्य लिहून झालं की ‘हॅविंग’च्या तुकड्याला ‘कोण?’ असं विचारायचं आणि उत्तर स्वल्पविरामानंतर लगेच मिळतंय का ते पाहायचं.

मराठीचा इथे छान उपयोग होतो. आपल्याकडे ‘जेवून’ आणि ‘जेवल्यावर’ अशी दोन रूपं आहेत. ‘मुलं जेवल्यावर बस निघाली’ हे बरोबर, कारण ‘-ल्यावर’ला दोन वेगळे कर्ते चालतात. ‘जेवून बस निघाली’ म्हटलं तर वर्ग हसेल. म्हणून मनातलं वाक्य ‘-ऊन’ लावून नीट बसत असेल तरच ‘हॅविंग’ वापरा. फक्त ‘-ल्यावर’च बसत असेल, तर सरळ ‘आफ्टर’ने वाक्य सुरू करा : ‘आफ्टर वुई हॅड ईटन लंच, द बस लेफ्ट.’

ही कसोटी एका ठिकाणी फसते, तेही सांगून ठेवते. ‘पाऊस पडून चिखल झाला’ असं आपण बिनधास्त म्हणतो. पडला पाऊस, झाला चिखल. कर्ते दोन, तरी ‘-ऊन’ चाललं. इंग्रजीत मात्र ‘हॅविंग रेन्ड, द ग्राउंड वॉज मडी’ चालत नाही. तिथे ‘बिकॉज इट हॅड रेन्ड’ लिहा. म्हणून ‘कोण?’ हा प्रश्न शेवटी विचारायचाच.

आणखी एक गोंधळ ‘-ऊन’मुळेच होतो. ‘दार उघडून तिने हाक मारली’ यात दोन्ही क्रिया लागोपाठ आहेत, त्यामुळे ‘ओपनिंग द डोअर, शी कॉल्ड हर मदर’ एवढं पुरतं. पण ‘पुस्तक वाचून त्याने ते परत केलं’ याला ‘रीडिंग द बुक, ही रिटर्न्ड इट’ लिहिलं, तर तो वाचता वाचताच पुस्तक परत करतोय असं वाटतं! पहिलं काम पुरतं संपलंय हे दाखवायचं असेल तेव्हा ‘हॅविंग रेड द बुक’. मराठीतलं ‘-ऊन’ ही दोन्ही कामं करतं, इंग्रजीत ती वाटून दिलेली आहेत. (‘हॅविंग अ फीवर, शी स्टेड ॲट होम’ दिसलं तर दचकू नका. तिथे पुढे तिसरं रूप नाही. ‘ताप असल्यामुळे’ एवढाच अर्थ.)

आता अहवाल दुरुस्त करू. मुलांची वाक्यं अशी : ‘वुई रीच्ड जुन्नर. वुई एट लंच. द बस लेफ्ट फॉर शिवनेरी. वुई क्लाइम्ब्ड द फोर्ट. वुई सॅट इन द शेड.’ पहिली दोन जोडता येतात, कर्ता एकच. शेवटची दोनही जोडता येतात. मधली बस वेगळी, तिला एकटीच राहू द्या. सगळंच जोडलं तर प्रत्येक वाक्य ‘हॅविंग’ने सुरू होईल आणि वाचणारा कंटाळेल, म्हणून मी फक्त शेवटची जोडी जोडते, कारण चढण संपल्यावरच बसणं आलं : ‘वुई रीच्ड जुन्नर अँड एट लंच. द बस लेफ्ट फॉर शिवनेरी. हॅविंग क्लाइम्ब्ड द फोर्ट, वुई सॅट इन द शेड.’

ही रचना अहवालात, पत्रात, गोष्टीत शोभते. मैत्रिणीशी बोलताना मात्र ‘आय फिनिश्ड माय लंच अँड केम’ एवढंच म्हणा.