टाच घासणं वेगळं, बोटं चेपणं वेगळं

पोरी, हॉटेलात रुजू व्हायला अजून दोन आठवडे आहेत ना? मग ते काळे बूट आज संध्याकाळीच खोक्यातून काढ. पहिल्याच दिवशी नवे बूट घालून आठ-नऊ तास उभं राहिलेल्यांच्या टाचा मी बुटांच्या दुकानाच्या काउंटरवर आयुष्यभर पाहिल्या आहेत.

फोड नुसत्या कडक चामड्यानं येत नाही. नव्या बुटाचा तळ वाकत नाही, म्हणून पाऊल उचललं की टाच बुटात वर सरकते. घामानं कातडी मऊ झालेली असते आणि तीच जागा पुन्हा पुन्हा ओढली जाते. तळ चवड्यापाशी वाकायला लागला की हे सरकणं आपोआप कमी होतं. तुला एवढंच साधायचं आहे.

कामावर घालणार तेच मोजे घाल आणि पुसलेल्या फरशीवर अर्धा तास चाल. बसून राहिलीस तर तळ वाकणार नाही. जिन्यात किंवा रस्त्यावर इतक्यात जाऊ नकोस, तळ मळला की दुकानदार बदलून देत नाही. दुसऱ्या दिवशी बुटांना विश्रांती दे, आत मुरलेला घाम सुकायला एक दिवस लागतो. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे भर. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेस तर चामडं तडकेल. मग पाऊण तास, तास, दोन तास असं वाढवत जा.

टाचेला कागदी चिकटपट्टी, औषधाच्या दुकानात मिळते ती, घालण्याआधीच लाव. सुरकुती राहू देऊ नकोस, सुरकुतीच घासते. एखादी जागा गरम लागली, लाल दिसली की त्या दिवसापुरतं थांब. लेस चवड्यावर सैल आणि घोट्याजवळ घट्ट बांध, म्हणजे टाच मागे बसून राहते. एवढं करूनही फोड आलाच तर फोडू नकोस, झाकून ठेव.

कोल्हापुरीला तेल लावतात ते पाहून बुटांना मात्र लावू नकोस. कोल्हापुरीचं चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असतं. तुझ्यासारखे बूट बहुतेक क्रोममध्ये कमावलेल्या चामड्याचे असतात, त्यांवर तेलाचे डाग पडतात आणि पुढे पॉलिशही नीट धरत नाही.

आता खरं महत्त्वाचं. घासण्याचं दुखणं कातडीवर असतं आणि दर खेपेला थोडं कमी होत जातं. चेपण्याचं दुखणं आत असतं: अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला, नखावर. बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, बूट काढल्यावर हायसं वाटतं. पाच-सहा वेळा घालूनही ते तसंच राहिलं, तर बूट तुझ्या पायाचे नाहीत. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पुढे अंगठ्याच्या टोकाशी सेंटिमीटरभर जागा नसेल तर ती पुढेही मिळणार नाही.

एका मुलानं आठ नंबर घेतला होता. करंगळीपाशी चेपतो म्हणून त्यानं नऊ नेला, आणि आठवड्यात दोन्ही टाचांना फोड घेऊन परत आला. त्याला मी संध्याकाळी कागदावर उभं केलं, कारण दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पावलांची रेघ काढली. आठ नंबरच्या बुटाचं आतलं पातळ अस्तर त्यावर ठेवलं. लांबीला ठीक होतं, चवड्यापाशी मात्र पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर येत होतं. म्हणजे त्याला लांब नव्हे, रुंद बूट हवा होता. नऊमध्ये बुटाची वाकायची जागा त्याच्या चवड्याच्या पुढे गेली होती, म्हणून टाच उचलली जात होती. आठ नंबरच, पण रुंद कलबुतावर शिवलेला आणि लेसच्या पट्ट्या पूर्ण उघडणारा बूट दिला, तेव्हा दोन्ही तक्रारी संपल्या. हीच रेघ तूही आज काढून बघ. एकाच जागी किंचित दाबत असेल तर मोची कलबूत घालून तेवढं सैल करून देईल. पाऊल सगळीकडून बाहेर येत असेल तर बदलून आण.

तुझ्या बाबांना साखर आहे. त्यांना यातलं काहीच लागू नाही. पायाच्या नसा मंदावल्या असतील तर त्यांना घासलेलं कळणारही नाही, आणि त्यांची छोटी जखम चिघळू शकते. त्यांचे बूट पहिल्या दिवसापासूनच आरामात बसायला हवेत. घालण्याआधी आत हात फिरवून खडा, शिवण, दुमडलेलं अस्तर बघा आणि काढल्यावर तळवे उजेडात तपासा. कुठे लाल दिसलं आणि ते उतरेना, तर मोच्याकडे नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.